डबल ब्लाइंड म्हटलं, म्हणून कुणाला कळलंच नसेल असं नाही

वाचकाचं पत्र: वर्षभर जिमला जातोय. मध्यंतरी ताकद वाढावी म्हणून क्रिएटिनची पावडर सुरू केली. दीड महिन्यात बेंच प्रेस ६० वरून ६७.५ किलोवर गेली, वजनही दोन किलोने वाढलं. माझी ताई डॉक्टर आहे. ती म्हणते, यातलं निम्मं पाणी आणि निम्मी मनाची समजूत. मी तिला अभ्यास काढून दाखवले, सगळे डबल ब्लाइंड. त्यात मनाची समजूत आधीच वजा झालेली असते ना? मग बरोबर कोण, ती की मी? – र., सांगली

उत्तर:

वजा झालेली असायला हवी. डबल ब्लाइंड म्हणजे कुणाला खरा माल मिळाला आणि कुणाला नकली, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना मोजणाऱ्याला. ती खरंच वजा झाली का, हे वेगळं तपासावं लागतं आणि पुष्कळ पेपरांमध्ये ते तपासलेलंच नसतं. ताईंचं म्हणणं जरा सरसकट आहे, पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलंय.

तुम्ही दाखवलेल्या अभ्यासांत बहुधा असेल, असाच एक घेऊ. अमेरिकेत जेफ व्होलेक आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली केलेली चाचणी या विषयात वारंवार उद्धृत होते. आधीपासून वजनं उचलणारे १९ पुरुष होते. दहा जणांना क्रिएटिन, नऊ जणांना प्लासिबो, म्हणजे तसाच दिसणारा पण काही परिणाम नसलेला पदार्थ. पहिला आठवडा रोज २५ ग्रॅम आणि नंतर रोज ५ ग्रॅम, एकूण बारा आठवडे, सोबत सगळ्यांना सारखाच व्यायाम. शेवटी क्रिएटिन गटाची बेंच प्रेस सरासरी २४ टक्क्यांनी वाढली, प्लासिबो गटाची १६ टक्क्यांनी. स्क्वॉटमध्ये ३२ आणि २४. फरक दोन्हीकडे आठ टक्क्यांचा. एखाद्याची बेंच सुरुवातीला ८० किलो असेल तर एकाची साधारण ९९ झाली आणि दुसऱ्याची ९३, असं समजा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. प्लासिबो गटाची १६ टक्के वाढ बघून लोक म्हणतात, ‘बघा, प्लासिबोचा परिणाम केवढा!’ तसं नाही. त्या १६ टक्क्यांत बारा आठवड्यांचा व्यायाम आहे. एकच लिफ्ट पुन्हा पुन्हा करून तिची बसलेली सवय आहे. समोर कोणीतरी आकडा लिहून घेतोय म्हणून लावलेला जोर आहे. आणि कुठेतरी ‘मला औषध मिळतंय’ ही समजूतही असू शकते. यातला समजुतीचा वाटा किती, हे या चाचणीतून काढताच येत नाही, कारण व्यायाम करणारा पण काहीच न घेणारा तिसरा गट तिथे नाही. प्लासिबो गट ठेवतात तो एवढ्यासाठीच, की दोन्ही बाजूंची समजूत सारखी राहावी आणि वजाबाकीत ती उडून जावी. सगळा हिशोब त्या ‘सारखी’वर उभा आहे. क्रिएटिन गटातल्या मुलांना आपल्याला खरा माल मिळालाय हे कळलं आणि दुसऱ्या गटातल्यांना संशय आला, तर समजूत दोन्हीकडे सारखी राहत नाही. मग उरलेल्या आठ टक्क्यांत क्रिएटिनचा हिस्सा किती आणि अपेक्षेचा किती, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

आता कळतं कसं, ते बघा. यासाठी संशोधक निष्काळजी असण्याची गरज नाही, क्रिएटिन स्वतःच चुगली करतं.

पहिली चुगली ग्लासात. क्रिएटिन मोनोहायड्रेट पाण्यात नीट विरघळत नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण १४ ग्रॅम, त्यापुढे नाही. म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात ५ ग्रॅम टाकलं, तर जवळजवळ तिसरा हिस्सा न विरघळता तळाशी बसतो. शेवटचा घोट घेताना दाताखाली बारीक रेती आल्यासारखं लागतं, तुम्हीही ते अनुभवलं असेल. प्लासिबो म्हणून बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन देतात. ते झटकन विरघळतं, तळाशी काही उरत नाही आणि किंचित गोडसर लागतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी क्रिएटिनचा डबा उघडलाय, त्याला पहिल्याच दिवशी ओळखू येईल. आणि वजनं उचलणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत असे अनुभवी लोक असणारच. म्हणून काही जण कॅप्सूल वापरतात किंवा दोन्ही पावडरींत तीच चव आणि रंग घालतात. चव त्याने झाकली जाते. कॅप्सूल मात्र दिवसाला २५ ग्रॅमच्या हिशोबाने मूठभर गिळाव्या लागतात.

दुसरी चुगली वजनकाट्यावर होते, आणि ती चवीपेक्षा अवघड आहे, कारण ती लपवायला उपाय नाही. क्रिएटिन स्नायूंच्या पेशींत साठतं आणि सोबत पाणी ओढून घेतं. व्होलेकच्या चाचणीत पहिल्या आठवड्यातच क्रिएटिन गटाचं वजन सरासरी १.७ किलोने वाढलं. जिममधला मुलगा आठवड्यातून चारदा काट्यावर उभा राहतो. आठ दिवसांत दीड-पावणेदोन किलो वाढलं, तर तो काय समजेल? लोडिंगच्या, म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या मोठ्या डोसांनी काहींचं पोट बिघडतं, तीही खूणच. शिवाय क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनीन होतं, ते रक्तात थोडं वाढतं. सुरक्षिततेसाठी रक्त तपासणाऱ्याने तो रिपोर्ट पाहिला, तर कोण कुठल्या गटात आहे याचा अंदाज संशोधकालाही येतो. म्हणजे ‘डबल’मधली दुसरी बाजूही गळायला लागते.

कळलं तर बिघडतं काय? बेंच प्रेसची कमाल म्हणजे रक्तातल्या साखरेसारखी स्वस्थ बसून मोजायची गोष्ट नव्हे. शेवटची रेप पूर्ण करायची की बार रॅकवर ठेवायचा, हे काही अंशी माणूस ठरवतो. १९७२ साली गिडियन एरियल आणि विल्यम सॅव्हिल यांनी मोजक्या अनुभवी वजन उचलणाऱ्यांना ‘हे ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे’ असं सांगून नुसत्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या. त्या काही आठवड्यांत त्यांची ताकद आधीच्या काळापेक्षा वेगाने वाढली. प्रयोग अगदी छोटा होता, तुलनेला वेगळा गटही नव्हता, त्यामुळे त्यातून टक्केवारी काढत बसू नये. पण गोळीवरच्या विश्वासाने बारवरचं वजन हलू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

क्रिएटिनच्या बाबतीत हे अजून गुंतागुंतीचं होतं, आणि मला तरी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. क्रिएटिन ताकद वाढवतं ते कसं? स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या फॉस्फोक्रिएटिनचा साठा वाढतो, सेटच्या शेवटी एखाद-दोन रेप जास्त निघतात, बारा आठवड्यांत एकूण उचललेलं वजन जास्त भरतं आणि त्यातून स्नायू वाढतात. आता विश्वास कसा काम करतो? ‘आपण खऱ्या मालावर आहोत’ असं वाटलं की माणूस एखाद-दोन रेप जास्त काढतो, बारा आठवड्यांत एकूण वजन जास्त भरतं आणि त्यातून स्नायू वाढतात. दोन्ही वाटा एकाच फाटकातून जातात. व्होलेकच्या चाचणीत पाचव्या ते आठव्या आठवड्यात क्रिएटिन गटाने बेंचवर एकूण जास्त वजन उचललं होतं, हे त्यांनी नोंदवलंय. ते फॉस्फोक्रिएटिनमुळे की काट्यावरच्या १.७ किलोमुळे? त्या आकड्यावरून ठरत नाही. शेवटी मायक्रोस्कोपखाली स्नायूंचे तंतू जाड दिसले, तरी त्यातून वाद मिटत नाही, कारण जास्त व्यायामाने ते कुठल्याही कारणाने जाड होतातच.

म्हणून प्रत्येक निष्कर्षाला एकच शंका लावू नका. त्याच चाचणीत स्नायूंचे तुकडे काढून तपासले होते. आठवड्याभरात क्रिएटिन गटातलं स्नायूतलं क्रिएटिन २२ टक्क्यांनी वाढलं, प्लासिबो गटात वाढलं नाही. यात समजुतीचा काही हात नाही. कुणी कितीही विश्वास ठेवला तरी स्नायूत क्रिएटिन भरत नाही. पहिल्या आठवड्यातलं वजनही खरंच वाढतं. ‘क्रिएटिन म्हणजे नुसता प्लासिबो’ असं म्हणणारा माणूस या दोन गोष्टींपाशी अडतो. शंका आहे ती पुढच्या टप्प्यावर, ताकदीतल्या फरकाच्या आकारावर. दिशा बरोबर असेल आणि आकार फुगलेला असेल, हे सहज शक्य आहे.

ब्लाइंडिंग टिकलं का, हे कसं कळावं? सोपी पद्धत म्हणजे सहभागींनाच विचारायचं: तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? क्रिएटिन, प्लासिबो की सांगता येत नाही? हिशोब कसा करतात ते एका काल्पनिक उदाहरणावर दाखवतो. समजा दोन्ही गटांत वीस-वीस जण आहेत. क्रिएटिन गटातले १४ म्हणाले ‘क्रिएटिन’, तिघे म्हणाले ‘प्लासिबो’, तिघांना सांगता आलं नाही. बरोबर ओळखणाऱ्यांतून चुकलेले वजा करा आणि गटाच्या संख्येने भागा: १४ वजा ३ म्हणजे ११, भागिले २०, उत्तर ०.५५. प्लासिबो गटात आठ जणांनी बरोबर ओळखलं, सात चुकले, पाच जणांना सांगता आलं नाही: १ भागिले २०, म्हणजे ०.०५. याला बँग निर्देशांक म्हणतात. शून्याच्या आसपास म्हणजे लोक अंधारात दगड मारतायत, एकच्या जवळ म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. या उदाहरणात प्लासिबो गट खरोखर अंधारात आहे आणि क्रिएटिन गटाला बऱ्यापैकी उमगलंय. दोन्ही गट एकत्र करून ‘४० पैकी २२ जणांनी बरोबर ओळखलं’ असं छापलं असतं, तर ते नाणेफेकीसारखं दिसलं असतं आणि गळती झाकली गेली असती.

हा प्रश्नही दुधारी आहे बरं. बारा आठवड्यांनी विचारलं, तर ज्याची बेंच वीस किलोने वाढली तो म्हणणारच, ‘मला क्रिएटिन मिळालं.’ त्याला पावडरीवरून कळलं नाही, निकालावरून कळलं. क्रिएटिन खरंच काम करत असेल, तर ब्लाइंडिंग पक्कं असूनही शेवटच्या अंदाजात क्रिएटिन गट बरोबर निघेल. म्हणजे औषध चांगलं निघालं याची शिक्षा चाचणीला. वैद्यकीय चाचण्या कशा लिहाव्यात याच्या कॉन्सॉर्ट नियमावलीत ब्लाइंडिंगचं यश नोंदवण्याचा मुद्दा होता, २०१० च्या आवृत्तीत तो काढून टाकला, त्यामागे हीच अडचण होती. मला ते काढणं फारसं पटलेलं नाही. प्रश्नच विचारायचा नाही यापेक्षा तो लवकर विचारावा, पहिल्या आठवड्याच्या शेवटी, ताकदीत फरक पडायच्या आत. आणि सोबत विचारावं, ‘कशावरून?’ उत्तर ‘तळाशी पावडर उरते’ असं आलं तर चाचणीत भोक आहे. ‘जोर वाढल्यासारखा वाटतो’ असं आलं तर गोष्ट निराळी.

स्नायूंवरून जरा मेंदूकडे येऊ, कारण तिथे हा प्रकार जास्त ठळक दिसतो. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोलिन रे आणि सहकाऱ्यांनी ४५ तरुण शाकाहारी माणसांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगणं आणि आकृत्यांची कोडी सोडवणं, दोन्हींत भरघोस सुधारणा दिसली. आपल्याकडे ‘शाकाहारी असाल तर क्रिएटिनने बुद्धी तल्लख होते’ असं सांगितलं जातं, त्याच्या मुळाशी मुख्यतः हाच अभ्यास. त्याची रचना अशी, की प्रत्येकाने आळीपाळीने दोन्ही घ्यायचं: सहा आठवडे एक, मग सहा आठवडे विश्रांती, मग दुसरं. रचनेचे फायदे आहेत, माणसाची तुलना त्याच्याशीच होते. पण ब्लाइंडिंगच्या दृष्टीने पाहा. एकाच माणसाला दोन्ही पावडरी चाखायला मिळतात. एरवी ज्याला काही कळलं नसतं, त्यालाही आता तुलना करता येते.

२०२३ मध्ये जर्मनीत ज्युलिया सँडक्यूलर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, काय मोजणार हे आधी जाहीर करून, १२३ जणांवर केला. शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही होते. आकड्यांच्या चाचणीत किंचित फायद्याची शक्यता दिसली, तीही काठावरची. कोड्यांच्या चाचणीत ठोस काही नाही. शाकाहाऱ्यांना जास्त फायदा झाला असंही दिसलं नाही. आणि दुष्परिणामांच्या तक्रारी प्लासिबोच्या काळापेक्षा क्रिएटिनच्या काळात सव्वाचार पट होत्या. हा शेवटचा आकडा लोक सुरक्षिततेच्या रकान्यात वाचतात आणि पुढे जातात. मी तो ब्लाइंडिंगच्या रकान्यातही वाचतो: इतका फरक जाणवत असेल, तर कुठल्या टप्प्यात काय घेतोय याचा सुगावा काहींना तरी लागला असणार. तरीही परिणाम एवढासाच निघाला, म्हणून मी ‘बुद्धी वाढते’वर सध्या पैसे लावणार नाही.

यावरून वाचण्याची एक युक्ती हाती येते. गळती झाली असेल तर ती निकाल कोणत्या बाजूला ढकलेल, हे आधी ठरवा. बहुतेक वेळा क्रिएटिनच्या बाजूला. म्हणजे गळक्या चाचणीत फायदा दिसला तर त्यातून काही वजा करून वाचायचं, आणि फायदा दिसलाच नाही तर ‘ब्लाइंडिंग नव्हतं’ म्हणून ती फेकून द्यायची नाही. ऑस्ट्रेलियातलीच २०२५ ची न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची चाचणी पाहा. एका गटाला रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, दुसऱ्याला काहीच नाही, प्लासिबोसुद्धा नाही. व्यायामाआधीच्या पहिल्या आठवड्यात क्रिएटिन गटाचं चरबीविरहित वजन दुसऱ्या गटापेक्षा साधारण अर्धा किलो जास्त वाढलं. मग बारा आठवडे व्यायाम झाल्यावर दोन्ही गटांत वाढ सारखीच, सुमारे दोन किलो. क्रिएटिनचे चाहते म्हणाले, प्लासिबोच नव्हता, चाचणी टाकाऊ. पण आपण घेतोय हे पक्कं ठाऊक असण्याचा फायदा क्रिएटिन गटालाच मिळायला हवा होता ना! तो असूनही पुढे फरक पडला नाही. लोडिंग केलं नव्हतं, डोस कमी पडला असेल, असे आक्षेप घेता येतील आणि ते घ्यावेतही. ब्लाइंडिंगचा आक्षेप मात्र इथे उलटा बसतो. आणि पहिल्या आठवड्यातला तो अर्धा किलो? तो डेक्सा यंत्राने मोजलेला आहे, आणि या यंत्राला स्नायू आणि स्नायूतलं पाणी यांतला फरक कळत नाही.

आता तुमचे साडेसात किलो. ६० वर ७.५ म्हणजे साडेबारा टक्के. व्होलेकच्या प्लासिबो गटाने, म्हणजे क्रिएटिन न घेता, बारा आठवड्यांत १६ टक्के मिळवले होते. तुमच्या दीड महिन्यात व्यायाम, सराव, नवा डबा आणल्याचा हुरूप, आणि क्रिएटिन, सगळंच आहे, आणि ते सुटं करायला तुमच्याकडे दुसरा गट नाही. काट्यावरच्या दोन किलोंबद्दल ताई बहुतांशी बरोबर आहेत, दीड महिन्यात त्यातला मोठा भाग पाणीच असण्याची शक्यता जास्त. फक्त ते पाणी पेशींच्या आत असतं, अंगावर आलेली सूज नव्हे, एवढं त्यांना सांगा.

‘मग मीच स्वतःवर प्रयोग करतो’ असं मनात येईल, तर त्यातली अडचण आधी ओळखा. थांबल्यावर स्नायूंतलं जास्तीचं क्रिएटिन उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे एक आठवडा घेतलं, एक आठवडा सोडलं, अशा तुलनेला अर्थ नाही. घरातल्या कुणाकडून माल्टोडेक्स्ट्रिन आणि क्रिएटिनच्या सारख्या पुड्या करून घेतल्या, तरी ग्लासाचा तळ आणि वजनकाटा तुम्हाला सांगणारच. करायचंच असेल तर पुड्या दाट ताकात किंवा लस्सीत ढवळून घ्या, तीन महिने काट्यावर चढू नका, आणि कमाल वजनाऐवजी ठरलेल्या वजनावर किती रेप निघतात ते दुसऱ्याला मोजायला सांगा, स्वतः मोजू नका. तरीही निघणारं उत्तर एका माणसाचं असेल.

घेत राहायचं असेल तर रोजचे ३ ते ५ ग्रॅम पुरतात, लोडिंगची गरज नाही. साठा भरायला आठवड्याऐवजी महिना लागेल, इतकंच. आणि पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने रक्त तपासायला गेलात तर क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर थोडं वाढलेलं क्रिएटिनीन बघून किडनीची शंका येईल आणि नको त्या तपासण्यांचं लचांड मागे लागेल. किडनीचा त्रास आधीपासून असेल किंवा घरात कुणाला असेल, तर डबा उघडण्यापूर्वी हे ताईंशीच बोला.